रेंज नाही, राउटर नाही: साडेअकरा जीबीचा व्हिडिओ एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये कसा पाठवावा?

तळकोकणी

नमस्कार. आमचे गाव सिंधुदुर्गात, डोंगराच्या खोबणीत आहे आणि देवळाच्या परिसरात कोणत्याही कंपनीची रेंज येत नाही. गेल्या जत्रेत मी दशावताराचा प्रयोग फोनवर चित्रित केला. फोन तिकाटण्यावर, चार्जर लावलेला, एकच सलग चित्रण. नव्वद मिनिटांची एकच फाइल तयार झाली आणि ती साडेअकरा जीबीची भरली. पहाटे प्रयोग संपल्यावर मंडळातील पेटीवाल्या काकांनी ती मागितली. दशावताराची मंडळी पेटारा उचलून पुढच्या गावी निघते, त्यामुळे हाती जेमतेम दीड तास होता.

पहिल्या प्रयत्नात मी फोनमधील नेहमीची शेअर करण्याची सोय वापरली. काकांचा फोन यादीत लगेच दिसला, त्यांनी होकारही दिला, परंतु चाळीस मिनिटांत जेमतेम तीनशे एमबी पुढे सरकले. काकांच्या फोनचा हॉटस्पॉट संध्याकाळपासून सुरूच राहिला होता, हे नंतर लक्षात आले. तो बंद करून आम्ही फाइल सांभाळणाऱ्या एका ॲपमधून पुन्हा पाठवायला घेतले. या वेळी गती बरी होती, सेकंदाला पाच एमबीच्या आसपास. पंधरा मिनिटे झाली असतील आणि ‘पाठवता आले नाही’ असा संदेश येऊन सारे थांबले. पुन्हा केले, पुन्हा तेवढ्याच वेळाने थांबले. काकांच्या फोनमध्ये अर्धवट फाइल उरली, ती उघडतही नाही.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावच्या जत्रेत हेच मंडळ येणार आहे आणि तेथेही रेंज नाही. नेमके कोठे चुकले आणि दीड तासाच्या आत हे काम कसे उरकावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. व्हिडिओचा दर्जा कमी करून पाठवायचा नाही. काकांना त्यातून तरुण नटांना हालचाली दाखवायच्या आहेत.

सरळसोट

उत्तर सोपे आहे. तुमची फाइल ब्लूटूथने गेली. अशा सर्व सोयी मुळात ब्लूटूथवरच चालतात आणि ब्लूटूथ मोठ्या फाइलसाठी नसतेच. पुढच्या वेळी दोन्ही फोनमधील ब्लूटूथ बंद ठेवा, म्हणजे फोनला नाइलाजाने वाय-फाय वापरावे लागेल. शिवाय दोन्हीकडे लोकेशन सुरू ठेवा, त्याशिवाय फोन एकमेकांना दिसत नाहीत. मी ऑफिसमध्ये नेहमी असेच करतो आणि एक जीबीची फाइल मिनिटाभरात जाते.

बिनतारी

सरळसोट यांचे निदान बरोबर आहे, उपाय मात्र उलटा पडेल.

अँड्रॉइड फोनमध्ये हल्ली क्विक शेअर या नावाने जी सोय मिळते ती दोन पायऱ्यांनी काम करते. जवळ कोणता फोन आहे हे ती ब्लूटूथने शोधते, कारण त्याला बॅटरी फार कमी लागते. ओळख पटून समोरच्याने होकार दिला की दोन्ही फोन आपापसांत थेट वाय-फाय जोडणी करतात. त्यांतील एक फोन थोड्या वेळापुरता राउटरची भूमिका घेतो, दुसरा त्याला जोडला जातो आणि फाइल त्या वाटेने जाते. ब्लूटूथ बंद ठेवले तर पहिली पायरीच उरत नाही. तुमच्या ऑफिसमध्ये दोन्ही फोन एकाच राउटरवर असतात, म्हणून कदाचित तेथे निभावले असेल. देवळाच्या अंगणात ते निभावणार नाही. लोकेशनचे म्हणणे अँड्रॉइड 12 पर्यंतच्या फोनसाठी खरे आहे. 13 पासून वाय-फायने जवळची उपकरणे शोधण्याची वेगळी परवानगी आली.

आता तळकोकणी यांच्या पहिल्या प्रयत्नाकडे पाहू. चाळीस मिनिटांत तीनशे एमबी म्हणजे सेकंदाला साधारण 130 केबी. ही ब्लूटूथचीच चाल आहे. त्या गतीने साडेअकरा जीबी जायला चोवीस तासांहून अधिक वेळ लागला असता. काकांच्या फोनचे वाय-फाय हॉटस्पॉट चालवण्यात गुंतलेले होते, आणि हॉटस्पॉट चालवता चालवता दुसरी थेट जोडणी करणे बऱ्याच फोनना जमत नाही. अशा वेळी दुसरी पायरी साधत नाही, तरीही फोन तक्रार न करता पहिल्याच वाटेने फाइल ढकलत राहतो. पडद्यावर सरकणारी पट्टी दिसते आणि माणसाला वाटते की काम चालले आहे.

म्हणून माझी सवय सांगतो. पाठवायला सुरुवात केल्यावर पहिल्याच मिनिटात किती एमबी गेले ते पाहावे. दहाच्या आत असतील तर फाइल ब्लूटूथने चालली आहे. लगेच रद्द करावे, दोन्हीकडचे हॉटस्पॉट आणि बॅटरी बचत बंद करावी, वाय-फाय एकदा बंद-सुरू करावे आणि पुन्हा पाठवावे. मिनिटाला अडीचशे ते तीनशे एमबी दिसले तर जोडणी वाय-फायची आहे, परंतु 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली. हजाराच्या वर गेले तर 5 गिगाहर्ट्झ मिळाले असे समजावे आणि निवांत चहा घ्यावा.

दुसऱ्या प्रयत्नाविषयी मला एक प्रश्न आहे. काकांच्या फोनमध्ये मेमरी कार्ड आहे का, आणि अर्धवट फाइल नेमकी किती मोठी होती?

निवांत

एवढा खटाटोप कशासाठी? व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला की दर्जा कमी होत नाही. माझ्या भाचीच्या साखरपुड्याचे सगळे व्हिडिओ आम्ही असेच वाटले. दोन जीबीपर्यंतची फाइल जाते. मोठी असेल तर तुकडे करावेत.

तळकोकणी

निवांतताई, तेथे रेंजच नाही. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागते, म्हणून तर हा धागा काढला.

बिनतारी, आपण विचारलेत ते काकांना घरच्या फोनवरून विचारले. त्यांच्या फोनची स्वतःची साठवण 32 जीबीची आहे आणि ती नेहमी भरलेली असते, म्हणून मुलाने जुन्या फोनमधील 32 जीबीचे कार्ड घालून दिले आहे. त्या ॲपमध्ये येणाऱ्या फाइली कार्डावर ठेवण्याची निवड मुलानेच केली होती. कार्डावर वीस जीबीहून अधिक जागा रिकामी होती, त्यामुळे जागेचा प्रश्न नसावा. अर्धवट फाइल अजून तशीच आहे. तपशिलात तिचा आकार 4.29 जीबी दिसतो.

बिनतारी

मग कोडे सुटले. जागा होती, परंतु त्या कार्डाला एवढी मोठी फाइल एकसंध ठेवताच येत नाही.

32 जीबीपर्यंतची कार्डे फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉर्मॅट होऊन येतात. तिच्यात फाइलचा आकार नोंदवण्याचा रकानाच इतका लहान आहे की एका फाइलला 4,29,49,67,295 बाइटांपलीकडे जाता येत नाही. तुमचा 4.29 जीबीचा आकडा हाच आहे. सेकंदाला पाच एमबी धरले तर तेथे पोहोचायला साधारण चौदा मिनिटे लागतात, म्हणून दोन्ही वेळा फाइल एकाच ठिकाणी अडली. खेदाची गोष्ट अशी की पाठवणाऱ्या फोनवर याचे कारण कधीच दिसत नाही. समोरून लिहिता आले नाही एवढेच त्याला कळते आणि तो सरसकट ‘पाठवता आले नाही’ म्हणतो. माणसे मग अंतराला, भिंतीला, अंगणातल्या गर्दीला दोष देत बसतात. खूण लक्षात ठेवा: जोडणी तुटण्याच्या वेळा दर खेपेला वेगळ्या असतील तर दोष हवेतला आहे, दर खेपेला एकाच आकड्यावर थांबत असेल तर दोष साठवणीतला आहे.

फाइल उघडत का नाही, तेही त्याच ओघात सांगतो. फोनवरील एमपी4 फाइलमध्ये कोणते दृश्य कोठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि लांब चित्रणात ती बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, फाइलच्या शेवटी लिहिली जाते. पोथीची पाने आहेत, पण पृष्ठांक नाहीत आणि विषयसूचीही नाही, अशी त्या अर्धवट फाइलची अवस्था आहे. पहिली तेहतीस-चौतीस मिनिटे तिच्यात आहेत, पण प्लेअरला ती वाचता येत नाहीत. मूळ फाइल तुमच्याकडे असल्यामुळे ती दुरुस्त करण्याच्या मागे लागू नका, पुसून टाका.

उपाय दोन. काकांच्या फोनच्या स्वतःच्या साठवणीत बारा-तेरा जीबी मोकळे करून फाइल तेथे घेणे हा पहिला आणि चांगला. 64 जीबी किंवा त्याहून मोठे कार्ड घालणे हा दुसरा, कारण ती कार्डे एक्सफॅट पद्धतीची असतात आणि त्यांना ही मर्यादा नाही. मात्र काकांचा फोन असे कार्ड स्वीकारतो ना, हे आधी घरी पाहावे. आहे तेच 32 जीबीचे कार्ड फोनमध्ये फॉर्मॅट करून उपयोग नाही, ते बहुधा पुन्हा फॅट32च होईल. शिवाय जुने कार्ड लिहायलाही संथ असते, त्यामुळे उद्या तुम्हाला वेगवान जोडणी मिळाली तरी कार्ड तिला मागे ओढील.

आज्ञावली

कार्ड बदलायचे नसेल तर फाइलचेच तुकडे करता येतात. टर्मक्स हे ॲप आधीच घालून ठेवलेले असेल आणि त्याला साठवणीची परवानगी दिलेली असेल तर पाठवणाऱ्या फोनवर एवढे पुरते:

```
split -b 3900M natak.mp4 natak.part-
```

साडेअकरा जीबीचे तीन तुकडे होतील. नंतर लिनक्स किंवा मॅक संगणकावर, नाहीतर टर्मक्स असलेल्या मोठ्या साठवणीच्या फोनवर ते असे जोडावेत:

```
cat natak.part-* > natak.mp4
```

हे तुकडे कापलेल्या ऊसासारखे आहेत, स्वतंत्रपणे चालणारे व्हिडिओ नव्हेत. तिन्ही पोहोचल्याशिवाय काही दिसणार नाही. तसेच तुकड्यांसाठी तुमच्या फोनवर आणखी साडेअकरा जीबी जागा लागेल.

तळकोकणी

आज्ञावली, आभार. परंतु पहाटे चार वाजता, संकासुराचा रंग पुसत बसलेल्या मंडळींसमोर मी टर्मक्स उघडून बसलो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय काकांकडे संगणक नाही. साठवण मोकळी करण्याचा मार्गच बरा वाटतो.

पेन्शनर

माझ्या जुन्या फोनमध्ये शेअरइट आणि झेंडर ही दोन ॲप होती. त्यांत इंटरनेटशिवाय मोठे चित्रपटही झटक्यात जात असत. नव्या फोनमध्ये ती सापडत नाहीत. त्यांच्यासारखे आता काहीच उरले नाही का? सर्वांनी एवढी किचकट चर्चा करण्यापेक्षा तेच ॲप मिळवून द्यावे.

बिनतारी

काका, 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने ज्या 59 ॲपांवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती, त्यामुळे ती दुकानात दिसत नाहीत. कोणी बाहेरून फाइल आणून देतो म्हणाला तरी घेऊ नये. ती ॲप काही जादू करत नसत. फोनमधील थेट वाय-फाय किंवा हॉटस्पॉटच वापरत. तीच सोय आता फोनमध्ये मुळातच आलेली आहे.

गडवाट

आमचा गट सह्याद्रीत भटकतो आणि गडावरून उतरल्यावर चित्रणांची देवाणघेवाण पायथ्याच्या गावातच होते. रेंजची बोंब तेथेही असते. वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असतात, एखादा फार जुना असतो, त्यामुळे आपोआप जोडणी होण्यावर आम्ही अवलंबून राहत नाही. हॉटस्पॉट आपण स्वतः सुरू करतो.

पद्धत अशी. ज्या फोनमध्ये व्हिडिओ आहे त्याचा मोबाइल डेटा प्रथम बंद करावा, म्हणजे चुकून कोठे रेंज मिळालीच तर समोरच्या फोनमधील ॲप तुमच्या डेटावर अद्ययावत होत बसणार नाहीत. मग हॉटस्पॉट सुरू करावा. त्याच्या सेटिंगमध्ये पट्टा निवडता येत असेल तर 5 गिगाहर्ट्झ निवडावा आणि ‘कोणी जोडलेले नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद करावा’ ही निवड काढून टाकावी. दुसऱ्या फोनने साध्या वाय-फायसारखे त्याला जोडून घ्यावे. दोन्ही फोनवर लोकलसेंड हे ॲप घरूनच घालून ठेवलेले असावे. ते उघडले की समोरचा फोन यादीत दिसतो. फाइल निवडायची, समोरच्याने स्वीकारायची.

येथे हमखास एक खोच येते. जोडणी झाल्यावर दहा-वीस सेकंदांत दुसरा फोन म्हणतो की या वाय-फायवर इंटरनेट नाही, जोडलेले राहायचे का? घाईत माणूस ‘नाही’ दाबतो, किंवा काहीच दाबत नाही आणि फोन आपणहून ती जोडणी सोडतो. ‘होय’ दाबून ‘पुन्हा विचारू नका’ ही खूणही करावी. आमच्या गटात अर्ध्या तक्रारी या एका प्रश्नामुळे होत असत. यादीत फोन दिसलाच नाही तर व्हीपीएन सुरू राहिले आहे का तेही पाहावे.

आणखी दोन बारीक गोष्टी. फोन शेजारी शेजारी ठेवावेत, खिशात किंवा पाठपिशवीत नव्हे, कारण अंगाने 5 गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच अडतात. आणि फाइल जाईपर्यंत दोन्ही पडदे जागे ठेवावेत. काही फोन पडदा काळा झाला की मागे चालणाऱ्या ॲपचा गळा आवळतात.

आता माझी स्वतःची अडचण. माझ्या फोनवर हा 5 गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट पुण्यात नीट चालतो, पण दरीत उतरलो की सुरूच होत नाही. ‘त्रुटी’ म्हणून बंद पडतो, किंवा गुपचूप 2.4 वर जातो. त्याच वेळी मित्राचा फोन त्याच दरीत 5 वर चालतो. याचा रेंजशी काय संबंध असावा? इंटरनेट तर आपण वापरतच नाही.

बिनतारी

संबंध आहे आणि तो इंटरनेटशी नसून देशाशी आहे. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कोणते भाग खुले आहेत याचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि स्वतः लहरी सोडून हॉटस्पॉट चालवणाऱ्या फोनला आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक असावे लागते. फोन ते बहुतेकदा मोबाइलच्या मनोऱ्याकडून जाणतो. रेंज पूर्ण गेली, किंवा विमान मोड लावून फोन सुरू केला, की काही फोन शेवटचा ठाऊक असलेला देश धरून ठेवतात, तर काही तो विसरतात आणि खबरदारी म्हणून 5 गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट सुरूच करत नाहीत. तुमचा फोन दुसऱ्या प्रकारचा असावा, मित्राचा पहिल्या.

हे सेटिंगमध्ये कोठे लिहिलेले नसते. करून पाहण्याजोगा उपाय म्हणजे मित्राच्या, म्हणजे जो फोन देश विसरत नाही त्याच्या, हॉटस्पॉटवर सर्वांनी जमणे. हॉटस्पॉट कोणाचा आहे याने फाइलची दिशा बदलत नाही. घेणाऱ्याचा असला तरी चालतो.

सरळसोट

मग विमान मोड लावल्यास फाइल अधिक वेगाने जाते, असे जे सर्वत्र सांगितले जाते ते चूक म्हणायचे का? माझ्या अनुभवात थोडा फरक पडतो.

बिनतारी

फोन सतत रेंज शोधत राहिला नाही तर बॅटरी वाचते आणि फोन कमी तापतो, एवढा लाभ मला मान्य आहे. परंतु गती वाढल्याचे मी मोजून पाहिलेले नाही, आणि वर सांगितलेल्या कारणाने काही फोनवर ती उलट घटू शकते. आपण एकाच फाइलवर दोन्ही प्रकारे मोजून येथे लिहिलेत तर मलाही उपयोग होईल.

निवांत

मघाशी माझा घोटाळा झाला, क्षमस्व. पण आता माझाच प्रश्न आहे. मुलीकडे आयफोन आहे आणि माझ्याकडे साधा अँड्रॉइड. ती आणि तिची मैत्रीण एकमेकींना एअरड्रॉपने पाठवतात, तेथे काहीच लागत नाही. मला मात्र ती घरी आल्यावर वाय-फायवरूनच पाठवते. प्रवासात आम्ही काय करावे?

गडवाट

ताई, दोन आयफोनमध्ये एअरड्रॉपही असेच चालते, ब्लूटूथने ओळख आणि थेट वाय-फायने फाइल. अनोळखी व्यक्तीला पाठवायचे असेल तर घेणाऱ्याने ‘सर्वांसाठी 10 मिनिटे’ ही निवड करावी लागते. आपल्या दोघींसाठी मी वर लिहिलेली पद्धत जशीच्या तशी चालते, लोकलसेंड आयफोनवरही आहे. हॉटस्पॉट मात्र तुमच्या अँड्रॉइडचा ठेवा, कारण आयफोनचा हॉटस्पॉट मोबाइल डेटाशी बांधलेला असतो आणि रेंज नसताना तो आडमुठेपणा करतो. तो आयफोनचाच ठेवावा लागला आणि तुमच्या फोनला दिसला नाही, तर त्यात अधिकाधिक सुसंगततेची एक कळ असते. ती लावली की तो 2.4 वर येतो, दिसू लागतो आणि अर्थातच संथ होतो.

लेकीला एक विचारून ठेवा. तिचा आयफोन 4के चित्रण करत असेल तर ते बहुधा जागा वाचवणाऱ्या नव्या प्रकारात होते. फाइल पूर्ण आली, आकारही जुळला आणि तरी तुमच्या फोनवर नुसता आवाज आला, तर पाठवण्यात दोष नसतो. तुमच्या फोनला तो प्रकार वाचता येत नाही एवढेच.

तळकोकणी

शेजारच्या गावची जत्रा परवा झाली. जे घडले ते क्रमाने लिहितो.

घरीच पेटीवाल्या काकांच्या फोनची चाचणी घेतली. माझा 5 गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट त्यांच्या यादीत दिसेचना, 2.4 वर टाकताच दिसला. त्यांच्या फोनला 5 गिगाहर्ट्झ नाहीच. म्हणजे त्यांच्याकडे पाच एमबीची गती ही कमाल होती आणि साडेअकरा जीबीला अडतीस-चाळीस मिनिटे लागणारच. दीड तासात तेही बसले असते, पण मंडळात स्त्री-भूमिका करणाऱ्या तरुणाकडे नवा फोन आहे. त्याच्या फोनमध्ये चाळीस जीबी मोकळे होते. काकांना नंतर गाडीत बसून तोच देईल असे ठरले.

या वेळचे चित्रण त्र्याण्णव मिनिटांचे, फाइल 11.9 जीबी. देवळापाशी माझ्या फोनने 5 गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट सुरू करायला साफ नकार दिला. गडवाट यांची तक्रार आठवली. देवळापासून पाच मिनिटांवर रस्त्याच्या वळणावर रेंजची एखादी काडी येते. तेथपर्यंत चालत गेलो, हॉटस्पॉट सुरू केला, आपोआप बंद होण्याची निवड आधीच काढलेली होती, आणि फोन हातात धरून परत आलो. तो सुरूच राहिला. दोन्ही फोन रंगमंचावरच्या बाकड्यावर शेजारी ठेवले. ‘इंटरनेट नाही, जोडलेले राहायचे का’ हा प्रश्न अगदी सांगितल्याप्रमाणे आला आणि तो तरुण ‘नाही’ दाबणारच होता.

पहिल्या मिनिटात साधारण चौदाशे एमबी गेले. पुढे पाचव्या मिनिटापासून गती उतरू लागली आणि शेवटी मिनिटाला आठशेवर आली. एकूण अकरा मिनिटे लागली. बाइटांत आकार ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. त्याने शेवटचा मिनिट लावून पाहिला, देवाला घातलेले गाऱ्हाणे नीट ऐकू आले, आणि मंडळी मार्गस्थ झाली.

मागाहून एक शंका राहिली आहे. गती मध्येच का उतरली असावी? माझा फोन चार्जरवर होता आणि चांगलाच तापला होता. पण त्याच सुमारास अंगणातील माणसे सामान उचलण्यासाठी बाकड्याभोवती गोळा झाली होती.

बिनतारी

वळणावर जाऊन हॉटस्पॉट सुरू करण्याची युक्ती मला सुचली नव्हती. प्रत्येक फोनवर ती टिकेलच असे सांगता येत नाही, पण तुमच्याकडे टिकली, उत्तम.

तापण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण फोन तापला की प्रोसेसर आपली चाल कमी करतो. दुसरीही एक शक्यता आहे: घेणाऱ्या फोनची साठवण पहिले काही जीबी झपाट्याने लिहिते आणि नंतर मंदावते. पुढच्या वेळी चार्जर काढून, कव्हर उतरवून तीच फाइल पाठवून पाहा. तरीही पाच-सहा जीबीच्या आसपासच गती उतरली तर साठवणीकडे बोट दाखवता येईल.

गडवाट

आणि माणसांचे काय? मी तर म्हणेन की बाकड्याभोवतीची माणसे हेच कारण आहे.

बिनतारी

दोन फोन एकमेकांना टेकून असताना भोवतीच्या माणसांनी एवढा फरक पडेल असे मला वाटत नाही. मध्ये कोणी पेटारा ठेवला होता का?

तळकोकणी

पेटारा नव्हता. झांजा होत्या, पितळेच्या, दोन्ही फोनच्या मधोमध. त्या कधी ठेवल्या आणि कधी उचलल्या, हे मात्र मी पाहिले नाही.